वीस हजाराच्या उंबऱ्यावर: चार्टवर सपोर्ट-रेझिस्टन्स कसे काढायचे आणि राउंड फिगरपाशी काय होते

20 जुलै 2023 ला, गुरुवारी, निफ्टी 19,991.85 पर्यंत चढला. वीस हजाराला 8.15 अंक कमी. बाजार 19,979.15 वर बंद झाला आणि उद्या वीस हजार होणार यावर बहुतेकांनी पैज लावली असती. त्या संध्याकाळी इन्फोसिसचे निकाल आले. कंपनीने वर्षभराच्या महसूलवाढीचा अंदाज 4 ते 7 टक्क्यांवरून 1 ते 3.5 टक्क्यांवर आणला होता. दुसऱ्या दिवशी निफ्टी 234 अंकांनी पडून 19,745 वर बंद झाला आणि वीस हजार पुढचे सात आठवडे दिसले नाही.

नव्याने चार्ट बघायला लागलेला माणूस इथे हमखास विचारतो, की मग वीस हजाराने अडवले की इन्फोसिसने? मी हा प्रश्न मुद्दाम शेवटपर्यंत बाजूला ठेवणार आहे. आधी चार्टवर पातळ्या काढायच्या कशा ते बघू, कारण बहुतेकांची चूक तिथेच सुरू होते.

पातळी म्हणजे काय

भाव खाली येताना एखाद्या ठिकाणी पुन्हा पुन्हा थांबून वर वळत असेल तर तो सपोर्ट. वर जाताना एखाद्या ठिकाणी पुन्हा पुन्हा अडून खाली येत असेल तर तो रेझिस्टन्स. व्याख्या एवढीच आहे, पण तिचा उपयोग व्हायचा तर त्या रेषेमागची माणसे दिसायला हवीत.

समजा, 1 डिसेंबर 2022 च्या आसपास कोणीतरी निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला. त्या दिवशी निफ्टीने 18,887.60 हा तेव्हाचा विक्रमी उच्चांक केला. पुढे घसरण लागली आणि 20 मार्च 2023 ला निफ्टी 16,828 पर्यंत आला. जवळजवळ 11 टक्क्यांची घट. हा माणूस साडेतीन महिने रोज लाल आकडा बघतोय. त्याच्या मनात आता एकच वाक्य आहे: मुद्दल सुटली की बाहेर पडायचे. निफ्टी पुन्हा 18,800 च्या वर येतो तेव्हा त्याची विक्री तयार असते. त्याच्यासारखे हजारो असतात. शिवाय मार्चमध्ये तळाशी घेतलेले लोकही असतात. त्यांना 2,000 अंक मिळालेले असतात आणि जुना उच्चांक ही नफावसुलीची सोयीची जागा वाटते. दोघांच्या विक्रीचे कारण वेगळे, भाव मात्र साधारण एकच. रेझिस्टन्स तयार होतो तो असा.

21 जून 2023 ला निफ्टी 18,875.90 पर्यंत गेला, म्हणजे जुन्या उच्चांकाच्या 12 अंक आधी, आणि वळला. दोनच दिवसांनी तो 18,665 वर बंद झाला. मग 28 जूनला त्याने ती जागा ओलांडली आणि 18,972 वर बंद दिला. विकणारे संपले होते, इतकाच त्याचा अर्थ.

पहिली पायरी: मोठ्या चार्टपासून सुरुवात

ट्रेडिंगव्ह्यूवर `NSE:NIFTY` टाइप करा किंवा तुमच्या ब्रोकरच्या ॲपमधला चार्ट उघडा. लगेच पाच मिनिटांच्या चार्टवर जाऊ नका. आधी साप्ताहिक चार्ट घ्या आणि दोन-अडीच वर्षे एका नजरेत मावतील एवढे मागे जा. साप्ताहिक चार्टवर जे वळण दिसते ते लाखो लोकांनी पाहिलेले असते. पाच मिनिटांच्या चार्टवरचे वळण दुपारपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता फक्त अशा जागा शोधा, जिथून भाव ठळकपणे वळला आणि मग लांब गेला. डिसेंबर 2022 ची जागा चांगली, कारण तिथून 2,000 अंकांची घसरण झाली. जिथून भाव 80 अंक खाली येऊन परत वर गेला, ती जागा सोडून द्या. वळणानंतर भाव जितका लांब गेला, तितके जास्त लोक त्या भावात अडकले किंवा संधी हुकली म्हणून हळहळले. त्या जागेची आठवण त्यांनाच राहते.

ट्रेडिंगव्ह्यूवर कर्सर हव्या त्या भावावर ठेवून `Alt + H` दाबले की आडवी रेषा पडते. चार-पाच रेषा झाल्या की थांबा. मी सुरुवातीला एका चार्टवर तेवीस रेषा काढल्या होत्या. भाव कुठेही थांबला तरी जवळपास एक रेषा सापडायचीच आणि आपले बरोबर आले असे वाटायचे. अशा चार्टवर काहीच चुकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही.

दुसरी पायरी: रेषेचा पट्टा करा

निफ्टी 18,887.60 वर अडला आणि पुढच्या वेळी 18,875.90 वर. दोन्ही वेळा रेषा वेगळी, जागा मात्र तीच. म्हणून पातळी हा एक आकडा न मानता पट्टा माना. किती रुंद? माझी रीत अशी: गेल्या चौदा दिवसांत दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यांत रोज किती फरक होता ते लिहून सरासरी काढतो आणि तिच्या निम्मा पट्टा धरतो. निफ्टी दिवसाला सरासरी 120 अंक हलत असेल तर पट्टा 60 अंकांचा. बाजार शांत असेल तर पट्टा आपोआप बारीक होतो, खवळला की रुंद होतो. हे काही शास्त्र नाही. पण "रेषेच्या 4 अंक खाली गेला, म्हणजे सपोर्ट तुटला" असली घाई त्यामुळे होत नाही.

चार्टवर एका दिवसाची हालचाल दाखवणाऱ्या कॅंडलच्या टोकावरून रेषा काढायची की बंद भावावरून, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. टोक सांगते की भाव कुठवर ढकलला गेला, आणि बंद भाव सांगतो की दिवसअखेर लोक कुठे थांबायला तयार होते. पट्टा काढला की त्यात सहसा दोन्ही बसतात आणि वाद आपोआप मिटतो.

तिसरी पायरी: जुना अडथळा नवा आधार झाला का ते बघा

28 जून 2023 ला 18,887 ची जागा ओलांडली गेली. आता तीच माणसे पुन्हा आठवा. ज्याने मुद्दल सुटताच विकले तो निफ्टी 19,900 वर गेलेला बघून चरफडतोय. परत 18,900 च्या आसपास आला तर घेईन, असे तो ठरवतो. ज्याने शॉर्ट केले होते, म्हणजे भाव पडेल या आशेने हातात नसताना आधी विकून ठेवले होते, तो तोट्यात आहे आणि पुन्हा त्या भावाला आला तर सुटका करून घेणार आहे, म्हणजे खरेदीच करणार आहे. कालपर्यंत जिथे विकणारे उभे होते, तिथे आता घेणारे उभे.

चार महिन्यांनी, 26 ऑक्टोबर 2023 ला, निफ्टी पडत पडत 18,837.85 पर्यंत आला, 18,857 वर बंद झाला आणि तिथून वर निघाला. जुन्या उच्चांकाच्या 50 अंक खाली, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या आत. ज्याने डिसेंबर 2022 चा उच्चांक पट्ट्यासकट आखून ठेवला होता, त्याला ही जागा दहा महिने आधीपासून माहीत होती.

एवढ्यावरून भाळू नका. हे उदाहरण मी निवडले कारण ते स्वच्छ आहे. जिथे जुना अडथळा आधार म्हणून अजिबात टिकला नाही अशी उदाहरणेही तितक्याच सहज सापडतात. पातळी फक्त एवढेच सांगते, की इथे काहीतरी होण्याची शक्यता शेजारच्या भावापेक्षा जास्त आहे. टिकेल की तुटेल ते तिला माहीत नसते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ऑक्टोबरचा तळ 19,000 वर आला नाही. मोठी राउंड फिगर 19,000 होती, भाव तिच्याखाली गेला आणि जुन्या उच्चांकापाशी थांबला. म्हणजे चार्टचा इतिहास आणि आकड्याचा गोलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखे लोक त्यांची सरमिसळ करतात.

चौथी पायरी: राउंड फिगर वेगळ्या रंगात काढा

मी शेअर बाजार शिकलो तो एका सबब्रोकरच्या कचेरीत, फोनवर ऑर्डर घ्यायच्या काळात. एक निवृत्त गृहस्थ रोज यायचे. टर्मिनलवरचा मुलगा त्यांना विचारायचा, "काका, शेअर 491 ला आहे. विक्री कितीला लावू?"

"पाचशेला लाव."

"498 ला लावतो ना, लवकर होईल."

"पाचशेलाच लाव रे. हिशोब सोपा राहतो."

त्या कचेरीत दिवसभरात अशा किती ऑर्डरी पडत असतील ते धरा, आणि देशभर अशा किती कचेऱ्या होत्या ते. 500 या भावात कंपनीच्या कमाईशी संबंधित काही नाही. पण माणूस भाव असाच बोलतो. "पाचशेला आला की विकीन." "हजाराखाली गेला की बाहेर पडेन." 487.35 ला विकीन असे कोणी म्हणत नाही.

हे नुसते कचेरीतले निरीक्षण नाही. कॅरल ऑस्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंनी एका मोठ्या बँकेच्या परकीय चलन विभागात ग्राहकांनी ठेवलेल्या हजारो ऑर्डरी तपासल्या. डॉलर-येन, पौंड-डॉलर, युरो-डॉलर अशा जोड्या. 2003 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेली गोष्ट नव्या माणसाने पाठच करावी अशी आहे. नफा घेण्याच्या ऑर्डरी बरोबर राउंड फिगरवर साचतात, तर तोटा थांबवण्याच्या, म्हणजे स्टॉपलॉसच्या, ऑर्डरी राउंड फिगरच्या जरा पलीकडे साचतात.

500 चे उदाहरण घेऊन याचा अर्थ उलगडू. शेअर खालून 500 कडे येतोय. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्या नफा घेण्याच्या विक्रीच्या ऑर्डरी 500 ला लागलेल्या. भाव तिथे आला की विक्रीची भिंत लागते आणि तो अडतो. ज्यांनी शॉर्ट केले आहे त्यांचे स्टॉपलॉस मात्र 501, 502, 503 ला आहेत, आणि शॉर्टचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदी. त्यामुळे भिंत एकदा पार झाली की पलीकडे खरेदीचा दारूगोळा ठेवलेला असतो आणि भाव झटक्यात पुढे सरकतो. वरून खाली येताना हेच उलटे होते: 500 वर खरेदी, 499 आणि 498 वर विक्रीचे स्टॉपलॉस.

म्हणूनच राउंड फिगरपाशी दोन विसंगत गोष्टी दिसतात. भाव तिथे अडतोही जास्त, आणि पार झाल्यावर धावतोही जास्त. ही विसंगती नाही, एकाच गर्दीची दोन टोके आहेत.

निफ्टी निर्देशांक स्वतः खरेदी-विक्रीला नसतो. तो पन्नास शेअर्सच्या भावांवरून काढलेला आकडा आहे. त्यामुळे वीस हजारावर कोणाची थेट ऑर्डर नसते. गर्दी असते ती निफ्टीच्या फ्युचर्समध्ये आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे निफ्टी पुढे कुठे असेल यावरच्या सौद्यांमध्ये. एनएसईच्या वेबसाइटवर Option Chain हे पान कोणालाही फुकट उघडता येते. मधल्या `STRIKE` रकान्यात 50-50 अंकांच्या अंतराने आकडे असतात. ऑप्शनचा सौदा ज्या आकड्यावर ठरतो तो स्ट्राइक. डावीकडे निर्देशांक त्याच्या वर जाण्यावरचे सौदे, म्हणजे कॉल, उजवीकडे खाली जाण्यावरचे, म्हणजे पुट. `OI`, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांच्या रकान्यावरून नजर फिरवली की 500 च्या आणि हजाराच्या पटीतल्या स्ट्राइकवर आकडा शेजाऱ्यांपेक्षा फुगलेला दिसतो. कॉल विकणाऱ्याला निर्देशांक त्या स्ट्राइकच्या खाली राहिला तर फायदा असतो, म्हणून लोक तिथे रेझिस्टन्स धरतात. थोडे सांभाळून घ्या: फुगलेल्या आकड्यात विकणारा जितका आहे तितकाच घेणाराही आहे, आणि भाव जवळ आला की विकणारे दोन तासांत जागा सोडून वरच्या स्ट्राइकवर जाऊ शकतात. सकाळचा आकडा दुपारी खरा असेलच असे नाही.

वीस हजार, दिवसागणिक

आता सप्टेंबर 2023 बघा, कारण राउंड फिगर ओलांडणे किती घोळाचे असते ते तिथे नीट दिसते.

11 सप्टेंबर, सोमवार. दिल्लीतली जी-20 परिषद आदल्या दिवशी संपलेली, बाजार खुशीत. निफ्टी पहिल्यांदा वीस हजारावर गेला, 20,008 पर्यंत, आणि बंद झाला 19,996.35 वर. 12 तारखेला तो वीस हजाराच्या वरच उघडला, 20,110 पर्यंत चढला, आणि बंद पुन्हा खाली, 19,993 वर. दोन दिवस डोके वर, पाय आतच. 13 तारखेला अखेर 20,070 चा बंद मिळाला. 15 ला 20,222 चा उच्चांक झाला. 18 ला 20,133 वर बंद. 19 ला गणेश चतुर्थीची सुट्टी.

20 तारखेला बाजार उघडला तो पडतच. एचडीएफसी बँकेचा शेअर त्या दिवशी सुमारे 4 टक्के घसरला आणि निर्देशांकात त्याचे वजन मोठे असल्याने निफ्टी 232 अंक गमावून 19,901 वर आला. वीस हजाराच्या वरचे चार बंद भाव एका दिवसात पुसले गेले. 13 ते 18 सप्टेंबरच्या दरम्यान "ब्रेकआउट झाला" म्हणून घेतलेले सगळे आता वर अडकले. पुढचा महिनाभर घसरण होत ती 18,837 पर्यंत गेली, ते वर आलेच आहे. वीस हजारावर पुन्हा बंद मिळाला तो थेट 29 नोव्हेंबरला, 20,096 वर. यावेळी मात्र मागे वळून बघितले नाही. 3 डिसेंबरला चार राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले आणि दुसऱ्या दिवशी निफ्टी 20,686 वर बंद झाला.

दोन ब्रेकआउट, एकच पातळी. पहिला फसला, दुसरा चालला. फरक आधी ओळखता आला असता का? थोडासा. सप्टेंबरमध्ये निफ्टी ऑगस्टअखेरच्या 19,250 पासून दोन आठवड्यांतच वीस हजाराला धडकला होता. वर गेल्यावरही पुढे धाव नव्हती. चार दिवसांत जेमतेम दोनशे अंक. राउंड फिगरच्या पलीकडे स्टॉपलॉसचा दारूगोळा असतो असे म्हटले, तर पार झाल्यावर भाव उडायला हवा. तो रेंगाळत असेल तर वर घेणारे नाहीत असे समजायचे. डिसेंबरमध्ये तो उडाला. मी स्वतः एवढ्याच खुणेवर भर देतो: मोठी पातळी ओलांडल्यावर तीन-चार दिवसांत भाव पट्ट्यापासून ठळक दूर गेला नाही तर ओलांडल्याचे धरत नाही.

बंद भावाबद्दल एक तांत्रिक बारकावा. त्या काळी एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, तर दुपारी 3 ते 3:30 या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी. साडेतीनला पडद्यावर 20,004 दिसले आणि संध्याकाळी बंद 19,996 आला, तर डेटा चुकलेला नसतो. "पातळीच्या वर बंद" हा नियम पाळणाऱ्याने आकडा संध्याकाळी बघावा.

वीस हजार अपवाद नव्हते. 10,000 च्या वेळीही 25 जुलै 2017 ला निफ्टी दहा हजाराला शिवून खाली बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी वर बंद मिळाला. अमेरिकेच्या डाऊ जोन्सने 1966 च्या सुरुवातीला दिवसभराच्या व्यवहारात हजाराला हात लावला होता. हजारावर बंद मिळायला 14 नोव्हेंबर 1972 उजाडले. एक दिवस की पावणेसात वर्षे, हे राउंड फिगर सांगत नाही.

पाचवी पायरी: आपली ऑर्डर गर्दीपासून दूर

या सगळ्याचा खिशाला उपयोग इथे आहे. माझी चूक आधी सांगतो. एका खाजगी बँकेचा शेअर 500 वर दोनदा टेकून वर गेला होता. मी 508 ला घेतला आणि शहाणपणाने स्टॉपलॉस 499 ला लावला, कारण 500 तुटले की खेळ संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेअर 497.80 पर्यंत गेला, माझे शेअर 498.40 ला विकले गेले, आणि दुपारी तो 506 वर बंद झाला. सपोर्ट टिकला होता. फक्त मी आणि माझ्यासारखे 499 वाले बाहेर होते.

आता तोच सौदा कसा मांडतो ते बघा. पट्टा 500 ते 505.50. शेअर दिवसाला सरासरी 11 रुपये हलतो, निम्मे साडेपाच. पट्ट्याच्या खालच्या कडेपासून तेवढे खाली गेले की 494.50 येते. त्याच्याही जरा खाली, 493.60 ला स्टॉपलॉस. 508 ला खरेदी, म्हणजे शेअरमागे धोका 14.40 रुपये. या सौद्यात जास्तीत जास्त 2,000 रुपये गमवायची तयारी असेल तर 2,000 भागिले 14.40, म्हणजे 138 शेअर. गुंतलेली रक्कम 70,104 रुपये.

499 चा स्टॉपलॉस मोहात पाडतो तो इथेच. धोका फक्त 9 रुपये दिसतो आणि त्याच 2,000 रुपयांत 222 शेअर बसतात. नफा मोठा दिसतो. पण तो स्टॉपलॉस नेमका गर्दीच्या रांगेत असतो.

विक्रीकडेही तीच गोष्ट. मागचा उच्चांक 548 आणि त्याच्या वर 550 ची राउंड फिगर. सगळ्यांची विक्री 550 ला लागलेली. मी 546.30 ला लावतो. पावणेचार रुपये सोडून देतो आणि रांगेत पुढे उभा राहतो. ठरल्याप्रमाणे झाले तर 138 शेअरवर 5,285 रुपये, नाही झाले तर सुमारे 1,987 चा तोटा. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, जातो, इथे तो साधारण 145 रुपये होतो. बाकी शुल्क वेगळे.

स्टॉपलॉस लांब ठेवला म्हणजे सुरक्षित झालो असे मात्र नाही. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर थेट 480 ला उघडला तर 493.60 ची ऑर्डर 480 च्या आसपासच पुरी होईल. ट्रिगरसोबत किमान भावाची अट घातली असेल तर होणारच नाही आणि शेअर हातात राहतील. निकालाच्या आदल्या दिवशी पातळ्यांवर विसंबू नये ते याचसाठी. इन्फोसिसचे निकाल येणार हे 20 जुलैला सगळ्यांना माहीत होते.

आणि तो बाजूला ठेवलेला प्रश्न. बातमी नसती तरी 21 जुलैला निफ्टी वीस हजारापाशी थोडा अडखळला असता, कारण विकणारे तिथे उभे होतेच. पण 234 अंक पाडायला त्यांच्यात बळ नव्हते, ते इन्फोसिसने दिले. 20 सप्टेंबरला एचडीएफसी बँकेने दिले. पातळी पडण्याचे कारण होत नाही. जिथे घेणारे दमलेले आणि विकणारे तयार असतात अशी जागा ती दाखवते, आणि अशा जागी आलेली वाईट बातमी नेहमीपेक्षा जड पडते. म्हणून "वीस हजाराने अडवले" आणि "इन्फोसिसने पाडले" ही दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत.

जुन्या चार्टवर राउंड फिगर शोधताना

एका ठिकाणी सगळेच फसतात. शेअरला बोनस मिळाला किंवा त्याचे विभाजन झाले की चार्ट जुने भावही त्याच प्रमाणात बदलून दाखवतो. रिलायन्सने मार्च 2024 मध्ये पहिल्यांदा 3,000 रुपये गाठले आणि त्या जुलैत तो सुमारे 3,217 पर्यंत गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस झाला. आज चार्ट उघडाल तर तो 3,000 तुम्हाला 1,500 दिसेल आणि 3,217 चा उच्चांक 1,608. मार्च 2024 मध्ये लोक ज्या 3,000 ची वाट बघत होते त्याच्या ऑर्डरी केव्हाच विरल्या. 1,608 ची जागा मात्र खरीच आहे, कारण तिथे अडकलेल्या माणसाकडे आता दुप्पट शेअर असले तरी त्याची मुद्दल त्याला पाठ असते. म्हणून बोनस झालेल्या शेअरमध्ये जुने उच्चांक-नीचांक आजच्या चार्टवरूनच घ्या, आणि राउंड फिगर आजच्या भावाच्या मोजा. 1,608 वर पट्टा काढा आणि शेजारी 1,600 वेगळ्या रंगात. दोन्ही आठ रुपयांच्या अंतरावर आलेल्या आहेत, तेव्हा तिथे गर्दी दुहेरी असेल.